पाण्यात खोल जाताना कान कसे सांभाळावे

कानाला धोका खूप खोलवर असतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात स्कूबा असो वा खोल तलाव, इजा बहुधा पहिल्या काही मीटरांतच होते, कारण हवा सर्वात झपाट्याने तिथेच आकसते.

कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते. तिला नवी हवा मिळण्याची वाट एकच, नाकाच्या मागे उघडणारी युस्टेशियन नळी. साधारण सव्वा मीटर पाण्याइतका दाबाचा फरक साचला की नळीचं मऊ तोंड दाबलं जाऊन बंद होतं आणि मग कितीही फुंकलं तरी ते उघडत नाही.

समजा, कुणी चार मीटर खोल तलावाचा तळ गाठायला डोकं खाली करून निघालं. एक मीटरवर कान दडपल्यासारखे वाटतात, दीड मीटरच्या आसपास दुखायला लागतं. तो आता नाक दाबून जोराने फुंकतो, पण नळी केव्हाच बंद झालेली असते. तसाच खाली गेला तर पडदा आत ओढला जातो, आतली त्वचा सुजते, रक्त झिरपतं किंवा पडदा फाटतो. फाटलाच, तर थंड पाणी आत शिरून अचानक भोवळ येते. पाण्याखाली वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं होतं. खरी भीती या भोवळीचीच.

हे टाळायचं असं:

१. काठावरच तोंड मिटा, नाक चिमटीत धरा आणि हलकेच फुंका. दोन्ही कानांत ‘टक्’ झालं नाही तर आज खोल जाऊ नका.

२. पाय खाली ठेवून, दोर धरून सावकाश उतरा.

३. पहिल्या अर्ध्या मीटरपासूनच, दुखण्याची वाट न पाहता, दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करा. हलकं फुंकायचं, तेही पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाक धरून आवंढा गिळणंही चालतं.

४. कान उघडला नाही तर एक मीटर वर या आणि पुन्हा करून पाहा. दोन-तीनदा जमलं नाही, तर बाहेर या. जोर लावल्यास आतल्या कानाचं नाजूक पटल फाटून ऐकणं कायमचं जाऊ शकतं.

इअरप्लग अजिबात नकोत. त्यांच्यामागे वेगळीच बंद पोकळी तयार होते. नाक मोकळं करणारा स्प्रे मारून उतरणंही धोक्याचं. पाण्यात असताना त्याचा असर संपला, तर वर येताना पसरणारी हवा अडकते.

सर्दी किंवा ॲलर्जीने नाक चोंदलेलं असेल तर ते पूर्ण बरं होईपर्यंत थांबा. पडद्याला छिद्र, कानात ग्रोमेट, मेनिएरचा आजार किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय उतरू नका.

बाहेर आल्यावर कान दडलेला वाटला किंवा रक्त दिसलं तर थेंब घालू नका, पुन्हा पाण्यात जाऊ नका, तज्ज्ञाला कान दाखवा. भोवळ, कानात सतत आवाज किंवा अचानक कमी ऐकू येणं असेल, तर त्याच दिवशी दाखवा आणि तोवर नाक शिंकरू नका.