थकीत भाड्याचे हप्ते ठरले होते का? जुने मेसेज तपासताना या चुका टाळा

भाडं दोन महिने थकलं की घरमालक आणि भाडेकरू यांच्यात व्हॉट्सॲपवर बरंच काही बोललं जातं. तीन-चार महिन्यांनी वाद झाला की मालक म्हणतात, "मी हप्ते कधी मान्यच केले नव्हते," आणि भाडेकरू म्हणतो, "तुम्हीच चालेल म्हणालात." बहुतेक वेळा दोघेही प्रामाणिक असतात. मेसेज आपल्याला हवे तसे वाचले जातात, तिथेच घोटाळा होतो.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. कर्वेनगरमधला वन बीएचके, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, भाडं १८,००० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत. जून आणि जुलैचं भाडं आलं नाही, म्हणजे थकबाकी ३६,०००. २० जुलैला भाडेकरूचा मेसेज आला: "काका, नोकरीचा प्रॉब्लेम झालाय. ऑगस्टपासून दर महिन्याच्या भाड्याबरोबर ६,००० जास्त देतो, सहा महिन्यांत सगळं फिटेल. चालेल का?" काकांचं उत्तर: "ठीक आहे, पण १०,००० प्रमाणे द्या." त्यावर भाडेकरू: "बघतो काका."

५ ऑगस्टला २४,००० आले, यूपीआयच्या नोटमध्ये "ऑगस्ट + हप्ता". काकांनी व्हॉट्सॲपवर अंगठ्याची खूण दिली. सप्टेंबरमध्येही तसंच. ऑक्टोबरमध्ये मात्र फक्त १८,००० आले. हप्ते ठरलेले असतील, तर आज थकलाय तो ६,००० चा एक हप्ता. ठरलेले नसतील, तर उरलेले २४,००० आत्ताच मागता येतात. मेसेज नीट वाचायचे ते या फरकासाठी.

पहिली चूक: मुदत मागणं म्हणजे हप्त्यांचा प्रस्ताव समजणं

"पाच तारखेपर्यंत देतो", "पगार झाला की टाकतो", "सॉरी काका, या महिन्यात जरा ओढाताण आहे" ही मुदत मागणं झालं किंवा दिलगिरी. प्रस्तावात किती रक्कम, किती भागांत, कोणत्या तारखांना, आणि चालू भाडं त्यात धरलंय की वेगळं, हे कळायला हवं. आपल्या उदाहरणातला २० जुलैचा मेसेज या कसोटीला जवळजवळ उतरतो. तारीख सोडली तर बाकी सगळं त्यात आहे. "डिपॉझिटमधून ॲडजस्ट करा" ही मात्र वेगळी मागणी आहे. ती हप्त्यांच्या खात्यात धरू नका.

दुसरी चूक: "ठीक आहे" दिसलं की वाचणं थांबवणं

ही सगळ्यात महागात पडते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती बिनशर्त आणि संपूर्ण असावी लागते. काकांच्या "ठीक आहे" नंतर "पण १०,००० प्रमाणे" आलं, म्हणजे त्यांनी ६,००० चा प्रस्ताव मान्य केला नाही, स्वतःचा नवा प्रस्ताव ठेवला. त्यावरचं "बघतो" हे होकारात मोडत नाही. २० जुलैच्या रात्री दोघांमध्ये काहीच ठरलेलं नव्हतं.

पण इथे थांबलात तर उलट्या बाजूची चूक होते. कलम ८ सांगतं की प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला घेणं हीसुद्धा स्वीकृती ठरू शकते. भाडेकरूने नोटमध्ये "हप्ता" लिहून नेमके ६,००० जास्त पाठवले, काकांनी ते ठेवले, अंगठ्याची खूण दिली, पुढच्या महिन्यातही "१०,००० ठरले होते" असं म्हटलं नाही. भाडेकरू म्हणू शकतो की त्याच्या मूळ प्रस्तावावरच दोघं चालत होते, आणि त्याच्या म्हणण्यात दम आहे. शिवाय कलम ६३ प्रमाणे येणेकऱ्याला मुदत वाढवून देता येते, त्यासाठी वेगळा मोबदला घ्यावा लागत नाही. म्हणून मालकाचं घाईत टाइप केलेलं "चालेल" हलकं समजू नका.

नुसतं गप्प राहणं मात्र होकार नव्हे. निळ्या टिका दिसल्या म्हणजे मेसेज वाचला, एवढंच. तुम्ही उत्तर दिलं नाही आणि पैसेही घेतले नाहीत, तर प्रस्ताव नुसता पडून राहिला.

तिसरी चूक: एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवरून निकाल लावणं

वकिलाला द्यायला चॅट एक्स्पोर्ट करणं सोपं, पण त्या टेक्स्ट फाइलमध्ये कोणत्या मेसेजला उत्तर म्हणून "हो, चालेल" लिहिलं ते दिसत नाही, आणि मेसेजवर दिलेला अंगठाही उतरत नाही. "गीझरवाल्याला रविवारी पाठवू का?" याला दिलेलं "हो, चालेल" फाइलमध्ये हप्त्यांच्या मेसेजखाली येऊन बसू शकतं. म्हणून मूळ फोनवर चॅट उघडा, त्या ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या आणि फोन जपून ठेवा. "डिसअपिअरिंग मेसेजेस" चालू असेल तर आधी ते बंद करा.

शोधतानाही एकच शब्द टाकू नका. पुण्यातले भाडेकरू मराठी रोमनमध्येही लिहितात, तेव्हा "हप्ता" बरोबर `hapta`, `hafta`, `thode thode`, `adjust` आणि आकडेही शोधा: `6000`, `6k`, `24000`. व्हॉइस मेसेज असल्या शोधात सापडत नाहीत, ते एकेक ऐकावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते खरा होकार बऱ्याचदा तिथेच असतो, कारण पैशाचं अवघड बोलणं लोक टाइप करायचं टाळतात. यूपीआयच्या नोट्स आणि बँकेचं स्टेटमेंट मेसेजच्या शेजारी तारखेप्रमाणे मांडा.

होकार कोणी दिला हेही बघा. एजंटने ग्रुपवर "चालेल, काकांशी बोलतो" लिहिलं तर ती काकांची संमती होत नाही. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि काकूंनी "हो" म्हटलं असेल, तर ते सहज झटकता येणार नाही.

आता करायचं काय

काकांसारखी स्थिती असेल तर डिपॉझिटमधून २४,००० परस्पर वळते करू नका. "हप्ते ठरलेच नव्हते" अशी नोटीसही लगेच धाडू नका. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पावत्या त्याच्या आड येतील. ऑक्टोबरचे १८,००० जुन्या थकबाकीत जमा धरायचा मोहही टाळा. रक्कम नेमकी एका महिन्याच्या भाड्याएवढी आहे, ती ऑक्टोबरचीच मानली जाण्याची शक्यता मोठी. करारात "बदल लेखीच करावेत" असं कलम आहे का ते तपासा, आणि प्रकरण नोटिशीपर्यंत जाणार असेल तर वकिलाला सगळे मेसेज दाखवा, निवडक नव्हे.

मग एकच स्वच्छ मेसेज पाठवा:

"जून-जुलैची थकबाकी ३६,०००. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मिळून १२,००० जमा. ऑक्टोबरचं भाडं मिळालं. बाकी २४,०००. नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या ५ तारखेला १८,००० भाडं अधिक ६,००० हप्ता, असे चार महिने. एकही हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम लगेच देय. मान्य असेल तर २० ऑक्टोबरपर्यंत 'मान्य' असं लिहून कळवा. तोवर उत्तर आलं नाही तर हा प्रस्ताव रद्द."

उत्तर "मान्य, पण ५,००० प्रमाणे" असं आलं, तर पुन्हा काहीच ठरलेलं नाही, आणि हे त्याच दिवशी लिहून कळवा. पुढच्या महिन्यात त्याने २३,००० पाठवले तर पैसे जमा करून घेताना लिहा: "२३,००० मिळाले. ५,००० चा हप्ता मला मान्य नाही, थकबाकीचे १९,००० बाकी आहेत." अंगठा नको.