ब्लूटूथवर २ जीबीचा व्हिडिओ दोन तास का रेंगाळतो, आणि त्यावरचा उपाय

गोदाघाटावरच्या आरतीचा २ जीबीचा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवायला घेतला, तर दोन तासांहून जास्त वेळ लागतो. फोनमध्ये बिघाड नसतो. ब्लूटूथचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ३ मेगाबिट, हाती येतात साधारण २. २ जीबी म्हणजे १६,००० मेगाबिट. भागून पाहा, ८,००० सेकंद होतात. फोनवर ‘ब्लूटूथ ५’ लिहिलेलं असलं तरी फाइल जुन्याच पद्धतीने जाते, त्यामुळे फरक पडत नाही.

यावर अँड्रॉइडमधलं Quick Share वापरा. दोन्ही फोनचं वाय-फाय, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा, हॉटस्पॉट मात्र बंद करा. घेणाऱ्या फोनवर Everyone निवडा, मग व्हिडिओच्या Share मधून Quick Share दाबा. तिथेच शेजारी ब्लूटूथचं चिन्ह असतं आणि घाईत बोट नेमकं त्यावर पडतं. Quick Share मध्ये ब्लूटूथ मुख्यतः समोरचा फोन शोधतं. फाइल सहसा थेट वाय-फायवरून जाते, तेव्हा इंटरनेट खर्च होत नाही.

वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर सेकंदाला २० एमबी मिळाले, तर तोच व्हिडिओ १०० सेकंदांत पोचतो. वेग ३-४ एमबीवर अडकला, तर बहुधा जोडणी २.४ गिगाहर्ट्झवर झालेली असते. अशा वेळी दोन्ही फोन घरच्या २.४ च्या राउटरवरून तोडा, वाय-फाय चालूच ठेवा, फोन जवळ आणा आणि पुन्हा पाठवा.