‘सिन्स फाइव्ह इयर्स’ जिभेवरून कसं उतरवावं

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.’ हे वाक्य चुकीचं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत सांगितलंय, कुणीतरी टोकलंय, कदाचित तुम्ही स्वतः दुसऱ्याला टोकलंय. तरी बोलताना तोंडातून हेच बाहेर पडतं. मी प्रौढांना इंग्रजी शिकवतो, हा नियम फळ्यावर किती वेळा लिहिला याची गणती नाही, आणि तरीही अनेक वर्षं ही चूक मी स्वतः करत होतो. तेव्हा ‘भरपूर इंग्रजी ऐका, बोला, आपोआप सुधारेल’ हा सल्ला कुणी दिला की माझा तोल जातो. मुरलेली चूक आपोआप जात नाही, मुरलेली म्हणतात ती याचसाठी.

लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने 1972 मध्ये या प्रकाराला नाव दिलं, फॉसिलायझेशन. शिकणाऱ्याची भाषा वाढत असते, पण तिचा एखादा तुकडा मध्येच दगड होऊन बसतो. डोना लार्डियर यांनी एका चिनीभाषक बाईंचं इंग्रजी तपासलं. बाई पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी दहा वर्षं अमेरिकेत राहिलेल्या होत्या. भूतकाळाचं रूप जिथे हवं तिथे त्या ते सुमारे 34 टक्के वेळा वापरत. जवळपास नऊ वर्षांनी पुन्हा मोजलं, तेव्हाही आकडा तिथेच होता. दिवसरात्र इंग्रजी कानावर पडत होतं, कामही इंग्रजीत चालत होतं. कान भरले म्हणून जीभ वळत नाही.

आधी खात्री करा. दहा मिनिटांत चुकीची पाच वाक्यं कागदावर दुरुस्त करून बघा. तिथेही अडलात तर हा लेख तुमच्यासाठी नाही, आधी नियम शिका. कागदावर जमतंय आणि बोलताना जात नाही, तर पुढे वाचा.

मोजा. फोनवर स्वतःची दहा मिनिटं रेकॉर्ड करा, न लिहिता, न ठरवता: नोकरी, घर, मित्र, कधीपासून काय चाललंय. मग ऐका, पण चुका मोजू नका, संधी मोजा. ‘इतक्या काळापासून’ असं सांगायची वेळ किती वेळा आली आणि त्यातल्या किती वेळा बरोबर बोललात. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नऊ संधी होत्या आणि दोनच बरोबर निघाल्या. आकडा वहीत तारखेसह लिहा.

कुणाला टोकायला सांगू नका, निदान अजून तरी नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास छापला. शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या अशा होत्या की मुलाचं वाक्य शिक्षक बरोबर करून पुन्हा म्हणत आणि पुढे जात. अशा दुरुस्तीला मुलांनी काही प्रतिसाद दिला तो 31 टक्के वेळा. बाकीच्या वेळी ती वाऱ्यावर गेली, कारण ऐकणाऱ्याला ती दुरुस्ती वाटतच नाही, होकार वाटतो. ‘ओह, यूव्ह बीन हिअर फाइव्ह इयर्स, नाइस!’ यातलं आपल्याला फक्त ‘नाइस’ ऐकू येतं.

एकच चूक घ्या. आर्टिकल्स, उच्चार, ‘डिड नॉट वेंट’, सगळं एकदम नको. आपण या लेखापुरती ही एकच धरू.

आता तिच्या मुळाशी जाऊ. मराठीत ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ हे वर्तमानकाळातच चालतं. शिवाय ‘पासून’ हा एकच शब्द दोन कामं करतो: सोमवारपासून, पाच वर्षांपासून. इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. कॅलेंडरवर बोट ठेवता येतं तिथे ‘सिन्स’, मोजता येतं तिथे ‘फॉर’. आणि क्रियापद वर्तमानात राहत नाही, ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ म्हणजे एका वाक्यात दोन चुका आहेत. काळाची चूक आधी घ्या, ‘सिन्स’ की ‘फॉर’ ते पुढच्या महिन्यात. बहुतेक लोक उलटं करतात, कारण ‘सिन्स’ची चूक दिसायला ठळक आहे. पण ‘आय ॲम वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणून काय मिळवलं?

जुनं आणि नवं एकमेकांसमोर ठेवा. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ हॅरी लिंडन यांच्या ‘ओल्ड वे, न्यू वे’ पद्धतीचं हे माझ्या सोयीने केलेलं रूप. चुकीचं वाक्य मुद्दाम, मोठ्याने म्हणा. लगेच बरोबर म्हणा. मग फरक मराठीत सांगा: ‘तिथे ॲम, इथे हॅव बीन, कारण काम आधीच सुरू झालंय.’ असं पाच वेळा करा, आणि फरक दर वेळी नव्याने, स्वतःच्या शब्दांत सांगा. त्यानंतर सहा नवी, खरी वाक्यं फक्त बरोबर रूपात. चुकीचं म्हटल्याने चूक पक्की होईल अशी भीती घालणारे भेटतील. ती चूक आपण हजारो वेळा म्हणून झालीय, आणखी पाचने काय बिघडणार? इतके दिवस ती नकळत व्हायची, आता तिला समोर बसवून ओळख करून घ्यायची, एवढाच फरक.

इथवर सोपं आहे. आठवडाभरात सरावात शंभर टक्के बरोबर याल आणि वाटेल, झालं. मलाही वाटलं होतं.

सराव ते खरं बोलणं: इथे मी दोन वर्षं अडकलो. खोलीत एकटा असताना मी पोपटासारखा ‘हॅव बीन’ म्हणायचो. माणूस समोर आला की पुन्हा ‘ॲम’. एकदा एका परदेशी सहकाऱ्याला फोनवर सांगितलं, ‘वी आर टेस्टिंग इट फ्रॉम मंडे.’ आमची चाचणी मागच्या सोमवारपासून सुरू होती. त्याने ऐकलं की येत्या सोमवारपासून सुरू होणार, आणि निवांत आठवडाभर थांबला. त्याची चूक नव्हती, त्या वाक्याचा इंग्रजीत तोच अर्थ होतो.

त्या दिवशी मी ते वाक्य शंभर वेळा मनात फिरवलं आणि तेव्हा लक्षात आलं की चूक ‘फ्रॉम’पाशी होतच नाही. ती तीन शब्द आधी झालेली असते. मराठीत काळ आधी येतो आणि क्रियापद शेवटी: ‘सोमवारपासून... चाचणी करतोय.’ क्रियापदापर्यंत पोचताना काळ बोलून झालेला असतो. इंग्रजीत क्रियापद लगेच बोलावं लागतं आणि काळ शेपटाला येतो. आपण ‘वी आर टेस्टिंग’ म्हणून मोकळे होतो, आणि ‘कधीपासून’ची आठवण वाक्याच्या शेवटी होते. तोवर ‘आर’ तोंडातून निघून गेलेला असतो. त्यामुळे ‘सिन्स’ म्हणताना सावध राहा, हा सल्ला निरुपयोगी. सावध व्हायची जागा वाक्याच्या सुरुवातीला आहे.

म्हणून मी एक कुबडी घेतली: काळ पुढे आणायचा. ‘फॉर फाइव्ह इयर्स, आयव्ह बीन वर्किंग हिअर.’ ‘सिन्स मंडे, वीव्ह बीन टेस्टिंग इट.’ जरा औपचारिक वाटतं, पण व्याकरणाने बरोबर आहे आणि मराठी डोक्याच्या क्रमाने चालतं. काळ आधी बोलला गेला की पुढचं ‘हॅव बीन’ आपसूक येतं. सहा आठवडे एकही अपवाद न करता असंच बोला, मग हळूहळू काळ शेवटी न्या. ‘आयव्ह बीन’ हे तीन शब्द आहेत हे विसरा, ‘आयव्हबिन’ असा एकच शब्द समजून म्हणा.

वेगाचाही सराव लागतो. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगा, मग तीच तीन मिनिटांत, मग दोन. चूक चार मिनिटांत झोपलेली असते, दोन मिनिटांत जागी होते. तुमचं रूप खरंच टिकलंय की नाही ते दोन मिनिटांच्या फेरीत कळतं. तिथे गळलं तर पुन्हा चारवर या.

प्रगती कशी ओळखायची? आधी वाक्य संपल्यावर चूक आठवते, मग वाक्याच्या मध्यावर, मग तोंड उघडायच्या आधी. मधला टप्पा सगळ्यात वाईट, कारण अडखळायला होतं आणि इंग्रजी बिघडल्यासारखं वाटतं. माझे बरेच विद्यार्थी नेमके इथे सोडून देतात. थांबा, वाक्य पुन्हा सुरुवातीपासून म्हणा, माफी मागू नका. टोकायला कुणी हवंच असेल तर आता सांगा, पण त्याने उत्तर द्यायचं नाही, नुसतं बोट वर करायचं. दुरुस्ती तुम्ही करायची.

आणखी एक खड्डा: नवं रूप जिथे नको तिथे पसरतं. ‘आयव्ह बीन नोइंग हिम’ असं मी चक्क वर्गात म्हणालो आहे. ‘नो’, ‘ओन’ यांसारख्या क्रियापदांना ‘बीन’ आणि ‘इंग’ नको: ‘आयव्ह नोन हिम फॉर इयर्स.’ तसंच ‘यस्टर्डे आयव्ह बीन टू द डॉक्टर’ हेही नाही, तिथे साधा भूतकाळ. असं पसरलं तर घाबरू नका, रूप जिवंत असल्याची ती खूण आहे. त्या क्रियापदांची पाच-सहा वाक्यं वेगळी घोटा.

आणि हो, ही चूक भारतीय इंग्रजीत इतकी सर्रास आहे की आपल्या लोकांत ती कुणाला खटकत नाही, म्हणून तर ती टिकते. तुमचं इंग्रजी फक्त आपसांत बोलायचं असेल तर हा उपद्व्याप खुशाल सोडून द्या. मला ‘फ्रॉम मंडे’ने आठवडा घालवायला लावला होता, माझ्याकडे कारण होतं.

दर पंधरा दिवसांनी तेच दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. माझं शेवटचं: अकरा संधी, दहा बरोबर. अकरावी चिडून बोललेल्या वाक्यात गेली. ‘आय ॲम वेटिंग सिन्स वन अवर’, असं मी रिक्षाची वाट बघताना फोनवर म्हणालो होतो.