मध्ये ब्रेस लावला की कॉलमची ताकद चौपट, पण आधी दुसरी दिशा बघा

दोन्ही टोकं पिन असलेल्या, म्हणजे टोकं जागेवर धरलेली पण फिरू शकतील अशा कॉलमला बरोबर मध्ये ब्रेस, म्हणजे बाजूला सरकू न देणारा आधार दिला की तो धनुष्यासारखा एका बाजूला न वाकता S आकारात वाकतो, म्हणजे लांबी अर्धी धरायची आणि बकलिंग लोड, म्हणजे ज्या भाराला कॉलम अचानक बाजूला वाकतो तो, चौपट, पण फक्त त्याच दिशेत ज्या दिशेत ब्रेस अडवतोय!

समजा ५०×७५ मिमीचा भरीव स्टील बार, लांबी ४ मीटर. कमकुवत दिशेत ९६ किलोन्यूटन, ब्रेसने ३८५ होतात, पण दुसऱ्या दिशेत पूर्ण ४ मीटरच मोकळे, तिथे २१७ लाच बकल होणार, म्हणजे खरा आकडा २१७.

आणि ब्रेसचं दुसरं टोक पक्क्या ठिकाणी बांधा, नुसते दोन कॉलम एकमेकांना जोडले तर दोघं एकत्रच एका बाजूला वाकतात.