फोटोतल्या प्रतिबल-विकृती आलेखावरून यंग्स मॉड्युलस (E) काढताना

फोटो तिरका असेल तर मोजपट्टीने अंतर मोजू नका. बिंदूजवळच्या ग्रिडच्या रेषांवरूनच वाचन घ्या. सरळ भागावरचे दोन लांबचे बिंदू निवडा. समजा, माइल्ड स्टीलसाठी 0.02% विकृतीला 40 MPa आणि 0.10% ला 200 MPa प्रतिबल दिसतं. मग E = 160 MPa ÷ 0.0008 = 2,00,000 MPa = 200 GPa. टक्के तसेच ठेवले तर उत्तर 2 GPa येतं, म्हणजे जवळपास प्लॅस्टिकचं! रेषा वाकू लागते ती प्रमाणमर्यादा. लवचिकता मर्यादा तिच्या किंचित वर असते, पण ती नेमकी ठरवायला भार काढून पाहावा लागतो; नुसत्या वक्रावर ती दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या वक्रात यील्ड पॉइंट शोधत बसू नका. 0.2% विकृतीपासून सरळ भागाला समांतर रेषा काढा. ती वक्राला छेदते तिथलं प्रतिबल यील्डचं म्हणून घ्या.