मसाला दुकानात शिरला, पण गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडत नाही? स्कीम आखताना या चुका टाळा

मार्केटला फिरताना कराडमधल्या एका किराणा दुकानात सहज मान वर केली, तर माळ्यावर आमच्या कांदा-लसूण मसाल्याचा बॉक्स. दीड महिन्यापूर्वी मीच त्याचं बिल केलं होतं. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. तेवढ्यात एक बाई आल्या, "मसाला द्या पाव किलो" म्हणाल्या, आणि शेठनी न बघता हात मागे नेऊन रोजच्या ब्रँडचं पाकीट काउंटरवर ठेवलं.

"शेठ, आपला बॉक्स काढला नाहीत अजून?"

"अहो, चोवीसवर सहा फुकट म्हणालात म्हणून घेतला. कुणी मागितला की काढू."

मागणार कोण? पाकीट कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्या दिवसापर्यंत आमच्या वहीत ते दुकान 'चालू' होतं. आम्ही बक्षीस दिलं होतं ते माल उचलल्याबद्दल. माल विकल्याबद्दल एक रुपयाही ठेवला नव्हता. पुढच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटातून निघतात.

मार्जिनचे टक्के दाखवून दुकानदार वळेल असं समजणं

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ, सगळे करासकट. आपलं २०० ग्रॅमचं पाकीट, छापील किंमत ₹१००, दुकानदाराला ₹८० ला. मुरलेल्या ब्रँडचं तेवढंच पाकीट त्याला ₹९० ला पडतं. आपल्या पाकिटात ₹२० सुटतात, त्यांच्यात ₹१०. सेल्समन हेच छाती फुगवून सांगतो, 'शेठ, डबल मार्जिन!'

शेठ मनातल्या मनात वेगळं गणित करतो. ते पाकीट महिन्याला चाळीस जातं, म्हणजे ₹४००. आपलं चार जातं, म्हणजे ₹८०. त्यासाठी फळीवर जागा द्यायची, पैसे अडकवायचे, आणि एखाद्या गिऱ्हाइकाने 'हा कसला दिलात, आमचा नेहमीचाच द्या' म्हणून पाकीट परत आणलं तर वर बोलणीही खायची. आपला शब्द पणाला लावून नवा माल गळी उतरवायचा, तर ₹१० जास्त मिळणं पुरेसं नसतं.

म्हणून मार्जिन आणखी वाढवत नेण्याआधी त्याची जोखीम उचला. पहिल्या खेपेला सहाच पाकिटं द्या. '४५ दिवसांत हललं नाही तर मी स्वतः उचलून नेईन' हे बिलावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं त्याने आजवर शंभर जणांकडून ऐकलेलं असतं.

मोठी स्लॅब लावून पहिल्या महिन्याचा आकडा फुगवणं

हे आमच्या अंगाशी आलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चोवीसवर सहा, म्हणजे ₹१,९२० मध्ये तीस पाकिटं. एक पाकीट पडलं ₹६४ ला. छोट्या दुकानदाराला चोवीस नको होती. त्याला हवी होती सहा-आठ, आणि ती त्याने ₹८० ने घेतली. पण बाजारपेठेतल्या होलसेलवाल्याने एकदम वीस बॉक्सची ऑर्डर टाकली. आमच्या डिस्ट्रिब्युटरचं टार्गेट एका दिवसात झालं, पेढे वाटले. पंधरा दिवसांनी त्या होलसेलवाल्याकडे आमचं पाकीट ₹६८ ला मिळू लागलं. त्याला नग चार रुपये सुटले तरी चालतात. त्याचा धंदा माल फिरवण्यावर असतो.

इकडे ज्याने ₹८० ने घेतलं त्याला वाटलं, या लोकांनी आपल्याला फसवलं. त्यापुढे तो आमच्या गाडीकडून माल घेईना. आठवड्याचं सामान भरायला पेठेत गेला की तिथूनच दोन पाकिटं आणायचा. सेल्समनची भेट वाया, डिस्ट्रिब्युटरचा डिझेलचा खर्च वाया. आम्ही स्कीम बंद केली, तर 'स्कीम आली की बघू' म्हणून सगळ्यांनीच हात आखडला.

गळती चालू आहे हे कसं ओळखायचं? पहिली खूण सेल्समनच्या तोंडून येते, 'बाहेर स्वस्त मिळतोय म्हणतात.' हे कामचुकारपणाचं कारण समजून उडवून लावू नका. दोन-तीन दुकानांत जाऊन पाकिटावरचा बॅच नंबर पाहा आणि त्या दुकानाच्या बिलाशी ताडा. दुकानाला दिलेला बॅच वेगळा आणि फळीवरचा वेगळा असेल, तर माल दुसरीकडून आलाय. कुठून, हे त्या बॅचची मोठी बिलं चाळली की कळतं. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या बिलावर बॅच नंबर यायला हवा. तो येत नसेल तर स्कीम जाहीर करण्याआधी तेवढं करून घ्या.

आम्ही नंतर स्कीम सहावर एक अशी छोटी केली. ₹४८० मध्ये सात पाकिटं, विकली की ₹७००, म्हणजे दुकानदाराच्या हातात ₹२२०. एका दुकानाला महिन्यातून दोनदाच. होलसेलला पहिले तीन महिने काही नाही, साधा भाव. फुकटचं पाकीट त्याच बिलात दाखवलेलं, म्हणजे 'मागच्या वेळचं राहिलं' हा वाद नाही. आणि खरी गंमत दुसऱ्या बिलावर ठेवली. पहिल्या बिलानंतर तीस दिवसांच्या आत पुन्हा सहा घेतली, तरच वर आणखी एक. सेल्समनच्या इन्सेन्टिव्हचंही तेच केलं. नवं दुकान उघडलं म्हणून थोडे पैसे, त्याच दुकानाचं दुसरं बिल झालं की त्याच्या तिप्पट. महिनाअखेरीला माल कोंबायची त्याची सवय आपोआप कमी झाली, कारण कोंबलेल्या दुकानातून दुसरं बिल येत नाही.

डिस्प्लेचे पैसे फोटोला देणं

महिन्याला ₹३०० ठरवले, सेल्समनने चार पाकिटं ओळीत मांडली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. तो वळणावर दिसेनासा झाला की दुसऱ्या कंपनीचा माणूस येतो, आपली ओळ मागे सरकवतो आणि त्याचा माल पुढे लावतो. पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो. असं वर्षभर चालू शकतं.

आणि ओळ कुठे लावायची, हीही गफलत होते. डिस्प्लेचे धडे मॉलच्या हिशेबाने दिले जातात, म्हणे डोळ्याच्या रेषेत माल ठेवा. जिथे गिऱ्हाईक स्वतः टोपली घेऊन फिरतं तिथे ते बरोबर आहे. आपल्याकडच्या काउंटरच्या दुकानात पाकीट काढतो तो दुकानदार. तिथे मोक्याची जागा म्हणजे वजनकाट्याजवळ उभं राहून, पाय न हलवता त्याचा हात पोचतो तेवढा तुकडा. एकदा तुम्हीच काउंटरमागे उभे राहून हात लांब करून बघा, कळेल. त्या टप्प्यातली दोन पाकिटं वरच्या फळीवरच्या सजवलेल्या दहांपेक्षा जास्त काम करतात. मसाल्याचं छोटं पाऊच असेल तर काउंटरसमोर टांगलेली लडी उत्तम. ती गिऱ्हाइकालाही दिसते आणि फळीवरची जागाही खात नाही.

पैसे देताना अटी दोनच ठेवा. महिन्यातून दोनदा न सांगता गेल्यावर माल ठरल्या जागी असावा, आणि त्या महिन्यात दुकानाचं निदान एक बिल झालेलं असावं. तपासायला तोच सेल्समन नको, सुपरवायझर जाऊ दे किंवा तुम्ही जा. दोन्ही जमलं तर पैसे त्याच भेटीत, बिलातून वळते करून द्या. डिस्प्लेचे पैसे तीन महिने क्लेममध्ये अडकले की दुकानदार तुमची लडी काढून तिथे शाम्पू टांगतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

बक्षीस गल्ल्यावर, विक्री मात्र पोऱ्याच्या हातात

मध्यम दुकानात मसाला देणारा बहुतेक वेळा मालक नसतो, कामावरचा मुलगा असतो. मालकाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, मुलाला त्याचं काय? आम्ही सहाच्या पॅकिंगमध्ये एक कुपन टाकलं, ते दिलं की मुलाला ₹१२. पण आधी शेठला विचारून. न विचारता केलं, तर आपल्या माणसाला फितवतात असं त्याला वाटतं आणि दुकान कायमचं तुटतं. कुपन पॅकिंग फोडल्यावरच निघतं, त्यामुळे माल माळ्यावर पडून राहत नाही हा वरचा फायदा. मुलाने काय बोलायचं तेही शिकवा, एकच वाक्य: 'ताई, हा तिखटाला कमी आहे, लहान पोरांच्या भाजीला चालतो.' आमचा मसाला खरोखर तसा होता म्हणून ते चाललं. नसता तर पहिल्याच आठवड्यात पाकिटं परत आली असती.

मोसम न बघता स्कीमला दोष देणं

आम्ही माल काढला होता एप्रिलमध्ये. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात उन्हाळा म्हणजे मिरच्या वाळवून, डंकावर नेऊन वर्षाचं तिखट करून ठेवायचे दिवस. बरण्या भरलेल्या असताना कुठली स्कीम चालणार! तेव्हा घेणारे म्हणजे खोली करून राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार, म्हणून त्या दिवसांत कॉलेजच्या आसपासची दुकानं धरा. घरगुती गिऱ्हाईक बरणीचा तळ दिसायला लागल्यावर, दिवाळीच्या पुढे, वळतं. लोणच्याला, सरबताला हाच विचार आपापल्या मोसमाप्रमाणे करायचा.

कधी थांबायचं

माल हाताच्या टप्प्यात आहे, मुलगा दाखवतोय, भाव बाजारात कुठे फुटलेला नाही, मोसमही आहे, आणि तरी ४५ दिवसांत सातपैकी तीन पाकिटं उरली. तर त्या दुकानात स्कीम वाढवू नका. उरलेला माल उचला आणि जिथे चालतोय तिथे मुदत बरीच बाकी असतानाच फिरवा. उचलताना हिशेब मात्र नीट करा. त्याला सात पाकिटं ₹४८० ला पडली होती, म्हणजे तीन पाकिटांचे परत द्यायचे ते ₹२०६, ₹२४० नाहीत. आमच्या पोराने एका गल्लीत ₹२४० च्या हिशेबाने क्रेडिट नोटा फाडल्या. पुढच्या आठवड्यात त्या गल्लीतल्या सगळ्यांनाच माल परत करायची घाई झाली.