अनुदानाच्या प्रगती अहवालात किती वर्ग घेतले यापेक्षा मुलांना काय आलं ते लिहा

समजा, तुर्भ्यातल्या एका वस्तीत तुमची संस्था वाचनवर्ग चालवते. सहामाही अहवालात हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘96 वर्ग घेतले, 60 मुलांनी लाभ घेतला.’ हा झाला कामाचा हिशेब. मुलांना वाचता येऊ लागलं का, याचा त्यात पत्ता नाही.

त्यापेक्षा सुरुवातीच्या चाचणीपासून लिहा. जूनमध्ये 60 मुलांची वाचनपातळी तपासली होती: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. डिसेंबरात त्याच पद्धतीने पुन्हा तपासायला गेलात तर 48 च भेटली. बाकीची कुटुंबं गावी गेली किंवा त्यांनी खोली बदलली. मग तुलना या 48 चीच करा आणि उरलेल्या 12 जणांचं काय झालं तेही सांगा. मधेच आलेली मुलं यात मिसळली तर तुलनाच खोटी पडते, आणि मुरलेला प्रोग्राम ऑफिसर जूनची यादी मागतोच.

आता वाक्य असं होईल: ‘दोन्ही चाचण्या दिलेल्या 48 मुलांपैकी जूनमध्ये 9 जण परिच्छेद वाचू शकत होते, डिसेंबरात 27. सहा मुलं अजून अक्षरांवरच आहेत. त्यांची हजेरी निम्म्याहून कमी होती, म्हणून त्यांचा वर्ग संध्याकाळी ठेवला आहे.’ न जमलेलं असं कारणासकट लिहिलं की जमलेल्यावरही विश्वास बसतो.

‘आमच्यामुळे’ हा शब्द मात्र जपून वापरा, शाळाही शिकवतेच की! वर्गांची संख्या परिशिष्टात टाका.

जूनची चाचणी घेतलीच नसेल, तर आठवणीने आकडे भरू नका. आज चाचणी घ्या, आणि सुरुवात इथून धरली आहे असं स्पष्ट लिहा.